अभिजितजवळचं राखाडी कडं आणि त्याची दोन घड्याळं

प्रश्न: काल रात्री ८ इंची डॉबमधून अभिजितजवळचा रिंग नेब्युला पहिल्यांदा पाहिला. फोटोत लाल-हिरवा-निळा असतो, मला नुसतं राखाडी कडं दिसलं. दुर्बिणीत काही गडबड आहे का? आणि ग्रहाशी काही संबंध नसताना याला प्लॅनेटरी नेब्युला का म्हणतात? हे तेजोमेघ १०-२० हजार वर्षंच दिसतात असं वाचलं. एवढा वेळ तर कोणी पाहत बसलं नव्हतं, मग हे कळलं कसं?

उत्तर:

दुर्बीण ठीक आहे. गेली पंचवीसेक वर्षं मी हे कडं पाहतोय आणि मलाही ते राखाडीच दिसतं. रंगाकडे नंतर येतो, कारण त्याचं उत्तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाच्या वाटेवरच आहे. आधी नावाचं बघू.

१७७९ च्या सुरुवातीला आंत्वान दार्किए नावाच्या फ्रेंच निरीक्षकाला हे कडं दिसलं. त्याच सुमारास मेसिए या दुसऱ्या फ्रेंच निरीक्षकालाही दिसलं आणि त्याच्या धूसर डागांच्या यादीत ते ५७ व्या क्रमांकावर गेलं, म्हणून एम ५७. दार्किएनं लिहून ठेवलं की हे गुरूएवढं मोठं आहे आणि मावळत चाललेल्या ग्रहासारखं दिसतं. पण नाव त्याच्यामुळे पडलं नाही, ते विल्यम हर्शेलमुळे पडलं. हर्शेलनं १७८१ मध्ये युरेनस शोधला होता. आकाशात फिकट, गोल, कड असलेली टिकली दिसली की ती कशी दिसते, हे त्याच्या डोळ्यात पक्कं बसलेलं होतं. पुढच्याच वर्षी कुंभ राशीत त्याला तशीच एक टिकली सापडली. आज आपण तिला एनजीसी ७००९ म्हणतो. मग अशा आणखी सापडत गेल्या आणि त्यानं त्यांचा एक वेगळा गट करून त्याला 'प्लॅनेटरी' म्हटलं. हे ग्रह नाहीत हे त्याला माहीत होतं. ग्रह ताऱ्यांमधून सरकतो, या टिकल्या जागच्या हलत नव्हत्या. नाव निव्वळ दिसण्यावरून दिलं होतं.

गंमत अशी की ज्या कड्याकडे बोट दाखवून आज सगळे 'हा बघा प्लॅनेटरी नेब्युला' म्हणतात, ते हर्शेलनं त्या गटात घातलंच नव्हतं. त्याला एम ५७ म्हणजे मधे भोक असलेलं ताऱ्यांचं कडं वाटलं. मराठीत काही ठिकाणी 'बिंबाभ्रिका' असा शब्द वापरतात. बिंबासारखी दिसणारी अभ्रिका, एवढाच त्याचा अर्थ. ग्रहाची भानगडच नाही. मला तो मूळ नावापेक्षा प्रामाणिक वाटतो, पण निरीक्षणाच्या रात्री तोंडात 'प्लॅनेटरी' च येतं, त्याला इलाज नाही.

आता प्रकाशाकडे येऊ. हर्शेलनंतर ऐंशीएक वर्षं वाद चालू होता की हे धूसर डाग म्हणजे दूरवरच्या ताऱ्यांची गर्दी आहे की खरोखरचा वायू आहे. १८६४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हगिन्सनं कालेय म्हणजे ड्रॅको तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ वर दुर्बीण लावली आणि नेत्रिकेच्या जागी वर्णपटदर्शक बसवला. ताऱ्यांची गर्दी असती तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसला असता. त्याला दिसली जवळजवळ एकच झळझळीत हिरवी रेघ. असा प्रकाश विरळ, तापलेला वायूच देतो. वाद त्या एका रात्रीत मिटला, निदान या प्रकारच्या डागांपुरता.

पण ती रेघ कुठल्या मूलद्रव्याची, हे कोणाला सांगता येईना. प्रयोगशाळेत ती कशातच मिळत नव्हती, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं मूलद्रव्य मानून मोकळे झाले. १९२७ मध्ये आयरा बोवेननं कोडं सोडवलं. ती रेघ साध्या ऑक्सिजनचीच होती, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. असा अणू ज्या ऊर्जापातळीवरून खाली येताना ही हिरवी रेघ देतो, त्या पातळीवर तो अर्धा मिनिटभर तसाच बसून राहू शकतो. आपल्याकडच्या कुठल्याही वायूत त्या अर्ध्या मिनिटात त्याला इतके धक्के बसतात की प्रकाश देण्याआधीच ऊर्जा निघून जाते. तेजोमेघात मात्र एका घन सेंटिमीटरमध्ये काही हजार कण असतात. आपल्या हवेत त्याच जागेत अडीच लाख कोटी कोटींच्या घरात रेणू असतात. म्हणजे ज्याला आपण चमकणारा मेघ म्हणतो, तो आपल्या चांगल्या निर्वात पंपालाही लाजवेल इतका रिकामा आहे.

तुमच्या राखाडी रंगाचं उत्तरही इथेच आहे. ही रेघ ५०० नॅनोमीटरवर पडते. अंधारात काम करणाऱ्या आपल्या दृष्टिपटलावरच्या पेशी नेमक्या याच भागात सगळ्यात संवेदनशील असतात. म्हणून असे मेघ छोट्या दुर्बिणीतूनही दिसतात. पण त्याच पेशींना रंग कळत नाही. हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाल रेघ फोटोत कड्याची बाहेरची किनार रंगवते, पण अंधारात आपला डोळा त्या लालला जवळजवळ आंधळा असतो. हिरवट छटा पाहायचीच असेल तर एम ५७ चा नाद सोडा आणि भुजंगधारीतला एनजीसी ६५७२ पाहा. तो इतका लहान आणि दाट आहे की त्याचा प्रकाश डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींनाही पुरतो.

आता तुमचा खरा प्रश्न. त्याआधी एक आकडा लक्षात घ्या, कारण बाकी सगळं त्यातून उलगडतं. एम ५७ ची एकूण प्रत जवळपास ८.८ आहे आणि त्याच्या मध्यावर बसलेल्या ताऱ्याची जवळपास १५.७. प्रतीचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. म्हणजे मेघ आपल्या ताऱ्यापेक्षा सुमारे ६०० पट तेजस्वी दिसतो. ज्याच्या उजेडानं मेघ उजळतो त्याच्यापेक्षा मेघच जास्त उजळ कसा? कारण त्या ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान १ लाख २० हजार अंशांच्या पुढे आहे. तो आपली जवळजवळ सगळी ऊर्जा अतिनील किरणांत ओततो, आणि ते किरण आपल्याला दिसत नाहीत. वायू ते गिळतो, त्याचे अणू फुटतात, पुन्हा जुळतात, आणि त्या उलाढालीत दिसणारा प्रकाश बाहेर पडतो. ट्यूबलाइटच्या आतल्या पांढऱ्या लेपाचं जे काम असतं, तेच इथे मेघ करतो.

म्हणजे मेघ दिसायला दोन गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात. वायू ताऱ्याच्या आसपास पुरेसा दाट असायला हवा, आणि तारा अतिनील किरण देण्याइतका तापलेला हवा. या दोन गोष्टी दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात. 'थोडाच काळ दिसतो' याचा अर्थ इतकाच, की दोन्ही घड्याळं थोडाच काळ जुळतात.

पहिलं घड्याळ वायूचं. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगून लाल राक्षसी होतो. त्याचा गाभा कार्बन-ऑक्सिजनचा, आणि भोवती प्रचंड, सैल आवरण. अगदी शेवटच्या टप्प्यात हे आवरण धडधडत राहतं. वरच्या थंड थरांत धूळ जमते, ताऱ्याचा प्रकाश त्या धुळीला बाहेर ढकलतो आणि धूळ वायूलाही ओढून नेते. यात स्फोट कुठेच नाही. 'तारा फुटून हे कडं झालं' असं आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत सर्रास सांगतात, ते चूक आहे. वारा वाहतो तसा वायू सेकंदाला १०-१५ किलोमीटरनं निघून जातो, फक्त हा वारा इतका जड असतो की ताऱ्याचं निम्मं वस्तुमान त्यात जाऊ शकतं. आवरण संपत आलं आणि गरम गाभा उघडा पडला की त्याच्यापासून दुसरा वारा सुटतो. हा विरळ असतो पण सेकंदाला हजार किलोमीटरच्या पुढे धावतो. तो आधीच्या संथ वायूला मागून गाठतो आणि बर्फ ढकलणाऱ्या फाळासारखा एका कडेला गोळा करतो. टिकलीला कड का असते, याचं हे उत्तर १९७८ मध्ये सन क्वोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं.

हे कवच पसरत राहतं, त्यामुळे त्याचं वय काढता येतं. एम ५७ साठी हिशेब करून पाहू, पाटी-पेन्सिलवर होतो. कडं मध्यापासून साधारण ४० विकलांपर्यंत पसरलेलं आहे. विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. गुरूचं अख्खं बिंब जवळ असताना ४५-५० विकलांचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. ४० विकला म्हणजे अंतराचा सुमारे पाच हजारावा भाग. मेघ सुमारे २,५०० प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणून त्याची त्रिज्या अर्धं प्रकाशवर्ष. आता वेग. वर्णपटात त्या हिरव्या रेघेची दोन टोकं दिसतात. आपल्याकडे येणाऱ्या बाजूची रेघ किंचित निळ्याकडे सरकलेली असते, लांब जाणाऱ्या बाजूची लालकडे. त्यावरून पसरण्याचा वेग सेकंदाला २०-३० किलोमीटर निघतो. २५ धरा. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे या वायूच्या १२ हजार पट. प्रकाशाला जे अंतर अर्ध्या वर्षात जमतं, त्याला वायूला ६ हजार वर्षं लागतात. संशोधकांचे बारकाईचे हिशेब ४ ते ७ हजार वर्षांच्या दरम्यान येतात, म्हणजे आपली पाटी फारशी चुकली नाही.

एवढ्या फरकाचं कारण काय, तर तीन ठिकाणी घसरायला जागा आहे. पहिलं, वेग कायम एवढाच होता हे आपण गृहीत धरलं. तो मधे वाढलेला असू शकतो, कारण मागचा वारा ढकलतोय. दुसरं, अंतर. गाया उपग्रहाची मोजमापं येण्याआधी बहुतेक ग्रहीय तेजोमेघांची अंतरं ही सुशिक्षित अटकळ होती, आणि अंतर दीडपट चुकलं की वयही दीडपट चुकतं. तिसरं, एम ५७ हे सपाट कडं नाहीच. ते एका पिंपासारखं आहे आणि आपण जवळपास त्याच्या तोंडातून आत पाहतोय. म्हणून वर्णपटातला वेग आपल्याकडच्या दिशेचा आणि मोजलेली त्रिज्या आडव्या दिशेची, या दोन गोष्टी एकाच गोल फुग्याच्या आहेत असं धरून चालत नाही. पुढच्या वेळी कड्याच्या आत नीट पाहा. आतला भाग बाहेरच्या आकाशाइतका काळा नसतो, तिथे फिकट धुकं असतं. ते पिंपाच्या पोटातल्या वायूचं.

'कोणी पाहत बसलं नव्हतं' म्हणालात, तर तेही पूर्ण खरं नाही. सेकंदाला २५ किलोमीटर वेग आणि २,५०० प्रकाशवर्षं अंतर, म्हणजे कड्याची कडा दर वर्षी विकलेच्या दीडशेव्या भागाएवढी सरकते. तुमच्या-माझ्या डॉबमध्ये हे जन्मात दिसणार नाही. पण हबल दुर्बिणीची दहाहून अधिक वर्षांच्या अंतरानं घेतलेली छायाचित्रं एकमेकांवर ठेवली की गाठी बाहेर सरकलेल्या मोजता येतात. आणि मोजल्याही आहेत.

पसरता पसरता वायू विरळ होतो. त्रिज्या दुप्पट झाली तर तोच वायू आठपट जागेत पसरतो, आणि त्याचं चमकणं घनतेच्या वर्गानुसार पडतं. म्हणून दहा-वीस हजार वर्षांत मेघ आकाशाच्या पार्श्वभूमीत विरून जातो, जरी तारा तापलेला राहिला तरी. पण तारा तसा राहत नाही. ते दुसरं घड्याळ.

आवरण गेल्यावर ताऱ्याजवळ हायड्रोजनचा एक पातळ थर उरतो, सूर्याच्या वस्तुमानाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तो गाभ्याभोवती जळत असतो आणि तारा आकसत जातो. तेजस्विता सूर्याच्या काही हजार पट तशीच राहते, पण पृष्ठभाग लहान होत असल्यानं तापमान चढत जातं. २५-३० हजार अंशांना पोचला की अतिनील किरण पुरेसे होतात आणि मेघ पेटतो. तापमान लाखाच्या पुढे जातं, तेवढ्यात इंधन संपतं. मग तेजस्विता झपाट्यानं कोसळते आणि उरतो तो निवत जाणारा श्वेत बटू. एम ५७ चा तारा या कोसळण्यातून गेलेला आहे. तो आज सूर्याच्या सुमारे २०० पट तेजस्वी आहे, पूर्वी हजारो पट होता. तुम्ही काल जे पाहिलंत, ते दिवा मंद केल्यानंतरचं आहे. कड्याच्या बाहेर दीर्घ एक्स्पोजरच्या फोटोत जो फिकट झालर-झालर प्रभामंडळ दिसतो, त्यातला बराचसा उजेड दिवा प्रखर असतानाच्या काळातून अजून उरलेला आहे.

या घड्याळाचा वेग गाभ्याच्या वजनावर विलक्षण अवलंबून असतो. गाभा जड असेल तर तारा इतक्या लवकर तापून विझतो की मेघाला नीट पेटायलाही वेळ मिळत नाही. गाभा हलका असेल तर तारा रेंगाळतो, आणि तो तापेपर्यंत वायू केव्हाच पांगलेला असतो. आपला सूर्य या दुसऱ्या बाजूच्या काठावर आहे. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकी उत्तर असं होतं की सूर्याला दिसण्याजोगा ग्रहीय तेजोमेघ बहुधा मिळणार नाही. २०१८ मध्ये गेसिकी, झिलस्ट्रा आणि मिलर बेर्तोलामी यांनी सुधारित प्रारूपांवरून दाखवलं की उघडा पडलेला तारा पूर्वी वाटत होतं त्यापेक्षा सुमारे तिप्पट वेगानं तापतो. त्या हिशेबानं सूर्याचा मेघ दिसेल, पण फिकट. हे प्रारूपांचं भाकीत आहे हे लक्षात ठेवा. सूर्य या वेळी काठाच्या अलीकडे आला, इतकंच.

हे दुसरं घड्याळ एका ठिकाणी माणसाच्या आयुष्यात चालताना दिसलंय, म्हणून ते सांगतो. दक्षिणेकडच्या आरा तारकासमूहात एसएओ २४४५६७ नावाचा तारा आहे. १९७१ च्या सुमारास त्याचा वर्णपट साध्या निळसर ताऱ्याचा होता. १९९० च्या आसपास त्याच वर्णपटात तेजोमेघाच्या झगझगीत रेघा आल्या होत्या. १९९६ मध्ये हबलनं त्याचं सुंदर छायाचित्र घेतलं आणि त्याला स्टिंगरे नाव पडलं. २०१६ मध्ये पुन्हा पाहिलं तर मेघ विझत चाललेला. त्या ऑक्सिजनच्या हिरव्या रेघेचा उजेड तर शेकडो पटींनी पडला होता. तारा आधी तापत गेला होता आणि नंतर थंड होऊ लागला होता. इतक्या घाईचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की गाभ्याभोवतीच्या हेलियमच्या थरात एक उशिराचा भडका झाला आणि त्यामुळे तारा परत फुगायला लागला. हे सर्वसाधारण उदाहरण मुळीच नाही, पण दिवा हलला की मेघ लगेच हलतो हे त्यात उघड दिसतं.

१०-२० हजार वर्षं हा काळ किती थोडा, ते असं पाहा. सूर्यासारख्या ताऱ्याचं आयुष्य १,००० कोटी वर्षं. त्यातली २० हजार म्हणजे पाच लाखांतला एक भाग. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाच्या आयुष्यातला तेवढा भाग म्हणजे जेमतेम दीड तास. म्हणूनच अब्जावधी ताऱ्यांच्या आपल्या आकाशगंगेत ओळखीचे ग्रहीय तेजोमेघ काही हजारच आहेत.

आता पुढच्या वेळेसाठी. मध्यवर्ती तारा शोधत बसू नका, ८ इंचातून तो मिळणार नाही. तुमची मर्यादा उत्तम आकाशात १४ च्या आसपास, आणि तो १५.७ चा, शिवाय भोवती धुकं. कडं पाहताना आवर्धन १५० च्या आसपास न्या. ३०-४० वर ते फुगलेल्या ताऱ्यासारखं दिसतं आणि नवे लोक ते ओलांडून पुढे जातात. नजर थेट न ठेवता थोडी बाजूला ठेवा, की लंबगोल नीट उमटतो. ऑक्सिजनची ती हिरवी रेघ तेवढी आत सोडणारा ओ-३ फिल्टर मिळाला तर तो लगेच नेत्रिकेत घट्ट बसवू नका. दोन बोटांत धरून डोळा आणि नेत्रिका यांच्या मधे आत-बाहेर करा. फिल्टर आत आला की सगळे तारे मंदावतात, आणि ज्या 'ताऱ्या'चा उजेड त्या एका हिरव्या रेघेत साठलेला आहे तो तसाच राहतो. छोटे ग्रहीय तेजोमेघ ताऱ्यांच्या गर्दीतून असेच पकडतात. देवयानीतला एनजीसी ७६६२ यासाठी चांगला आहे. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की संध्याकाळी पश्चिमेकडे कललेल्या अभिजितपाशी कडं पाहून घ्या आणि मग दुर्बीण पूर्वेकडे वळवून तो काढा. अभिजितकडचा पट्टा उजेडात हरवत असेल, तर शहराबाहेर जाईपर्यंत थांबा. या कड्याला आणखी काही वर्षांनी काही फरक पडत नाही, पडतो तो आपल्या शहराच्या दिव्यांनी.